म्यूऑनी अणूंचे क्ष-किरण आणि शिशाच्या अणुकेंद्राची त्रिज्या

इ. स. १९५३ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’ ह्या नियतकालिकाच्या ९२ व्या खंडात कोलंबिया विद्यापीठातील व्हॅल फिच व जेम्स रेनवॉटर ह्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. शिसे, तांबे इत्यादी मूलद्रव्यांत म्यूऑन नावाचे कण थांबविले असता जे क्ष-किरण बाहेर पडतात, त्यांची ऊर्जा ह्या दोघांनी मोजली होती. मापनाचा विषय क्ष-किरण हा असला, तरी निष्कर्ष निघाला तो अणुकेंद्राविषयी. शिशाचे अणुकेंद्र त्या वेळी ज्या आकारमानाचे मानले जात होते, त्याहून ते बरेच लहान आहे, असे ह्या मापनावरून सिद्ध झाले. फिच त्या वेळी विद्यार्थी होते व हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पुढे रेनवॉटर ह्यांना १९७५ मध्ये व फिच ह्यांना १९८० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ती पारितोषिके अन्य कार्यांबद्दल होती. त्यामुळे ह्या पहिल्या कार्याची हकीकत तुलनेने मागे पडली आहे. म्यूऑनी अणूचे क्ष-किरण अणुकेंद्राचे माप इतके चांगले का सांगू शकतात, आणि सामान्य इलेक्ट्रॉनी अणूचे क्ष-किरण ते का सांगू शकत नाहीत, हा प्रश्न ह्या एका उदाहरणाच्या आधारे पाहण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

१. जुने माप कोठून आले होते

अणूचा जवळजवळ सर्व भार मध्यवर्ती अशा एका अतिसूक्ष्म केंद्रात साठविलेला असतो, हे रदरफोर्ड ह्यांनी १९११ मध्ये दाखवून दिले. त्या केंद्राची त्रिज्या १०⁻¹२ सेंटिमीटर ह्या कोटीतील आहे, हेही लवकरच कळून आले. ह्या क्षेत्रात १०⁻¹३ सेंटिमीटर ह्या लांबीस ‘फर्मी’ म्हणण्याची प्रथा आहे. पुढील विवेचनात तेच एकक वापरले आहे. केंद्रातील प्रोटॉन व न्यूट्रॉन ह्यांची एकूण संख्या जसजशी वाढत जाते तसतसे केंद्राचे घनफळ त्याच प्रमाणात वाढते, म्हणजेच त्रिज्या त्या संख्येच्या घनमूळाच्या प्रमाणात वाढते, हा नियमही १९३० नंतरच्या दशकात रूढ झाला. प्रश्न उरला तो ह्या घनमूळास गुणावयाच्या गुणकाचा. तो सुमारे १.४ फर्मी आहे असे मानण्यात येई. शिशाच्या २०८ कणसंख्येच्या केंद्राचे घनमूळ ५.९२ येते; त्यास १.४ ने गुणिले असता त्रिज्या ८.३ फर्मी होते.

हा गुणक मुख्यतः दोन मार्गांनी आला होता. एक मार्ग म्हणजे जड मूलद्रव्यांतून आल्फा कण किती वेगाने निसटतात ह्यावरून केलेला हिशेब. दुसरा म्हणजे वेगवान न्यूट्रॉन अणुकेंद्रावर आदळून किती प्रमाणात विखुरतात ह्याचे मापन. ह्या दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे. आल्फा कण काय किंवा न्यूट्रॉन काय, त्यांच्यावर अणुकेंद्रीय बलाचा प्रभाव पडतो, आणि हे बल केंद्राच्या पृष्ठभागाबाहेरही थोड्या अंतरापर्यंत पोचते. शिवाय आल्फा कणाला स्वतःचीही काही त्रिज्या आहेच. म्हणून अशा मापनातून जी त्रिज्या मिळते ती केंद्रातील विद्युत्भाराची त्रिज्या नसून, बाहेरून येणाऱ्या कणास केंद्राची ‘जाणीव’ जेथून होऊ लागते त्या सीमेची त्रिज्या होय. घराचे माप घेण्यास निघालेल्या माणसाने अंगणाच्या कुंपणापर्यंतच टेप लावावी, तसा हा प्रकार होता. केंद्राचे खरे माप घ्यावयाचे तर ज्यावर अणुकेंद्रीय बलाची मात्रा चालत नाही, जो केवळ विद्युत्-आकर्षणास प्रतिसाद देतो, असा कण हवा.

२. इलेक्ट्रॉन का पुरा पडत नाही

असा एक कण प्रत्येक अणूत मुळातच हजर आहे. तो म्हणजे इलेक्ट्रॉन. त्याच्यावर केवळ विद्युत्-चुंबकीय बलाचा परिणाम होतो. मग शिशाच्या नेहमीच्या क्ष-किरण वर्णपटावरून केंद्राची त्रिज्या का काढता येऊ नये, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर अंतरांच्या प्रमाणात आहे.

हायड्रोजनसदृश अणूत सर्वांत आतल्या कक्षेची त्रिज्या केंद्राच्या भाराशी व कक्षेतील कणाच्या वस्तुमानाशी व्यस्त प्रमाणात असते. हायड्रोजनमध्ये ती सुमारे ५३,००० फर्मी आहे. शिशाच्या केंद्रावर ८२ प्रोटॉनांचा भार असल्यामुळे तेथे ती ८२ पटींनी घटून सुमारे ६४५ फर्मी होते. केंद्राची त्रिज्या सात फर्मी धरली, तरी इलेक्ट्रॉनाची कक्षा तिच्या नव्वद पटींहून मोठी राहते. पुंजयामिकीनुसार इलेक्ट्रॉन कक्षेच्या रेषेवरच फिरतो असे नाही. त्याचा तरंग केंद्राच्या आतही थोडासा पसरलेला असतो. तथापि हा आतील अंश त्रिज्यांच्या गुणोत्तराच्या घनाप्रमाणे बदलतो. साध्या हिशेबाने तो दहा लाखांत दोन भागांइतकाही भरत नाही. सापेक्षतेचा परिणाम धरला तर तो काही पटींनी वाढतो, इतकेच.

केंद्र बिंदुवत् नसून त्यास आकारमान आहे ह्याचा परिणाम पातळीच्या ऊर्जेवर कसा होतो, हे येथेच स्पष्ट करणे इष्ट होईल. भार बिंदूत एकवटलेला असता तर कण जवळ जाईल तसतसे आकर्षण अमर्याद वाढत गेले असते. परंतु भार एका गोलात पसरलेला असेल, तर गोलाच्या आत शिरलेल्या कणावर केवळ त्याच्या आतील बाजूच्या भाराचेच निव्वळ आकर्षण उरते; बाहेरच्या कवचाचे परिणाम परस्परांस छेदून नाहीसे होतात. म्हणजे आत शिरलेला कण अपेक्षेपेक्षा सैल बांधला जातो व त्याची पातळी वर सरकते. कण जितका अधिक काळ आत काढील व गोल जितका मोठा असेल, तितकी ही सरकण अधिक.

शिशाच्या सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनाची बंधनऊर्जा सुमारे ८८,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. केंद्राच्या आकारमानामुळे तीत पडणारा फरक काही दशक इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा, म्हणजे हजारात एक भागाहूनही कमी असतो. हा फरक ओळखण्याच्या आड तीन गोष्टी येतात. त्या पातळीची स्वाभाविक रुंदीच साठ इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या आसपास आहे; उर्वरित ८१ इलेक्ट्रॉनांचा परस्परांवरील परिणाम गणितात तितक्या सूक्ष्मतेने बसविणे अत्यंत कठीण आहे; आणि इलेक्ट्रॉनाच्या स्वतःच्या क्षेत्राशी होणाऱ्या अन्योन्यक्रियेमुळे पडणारा फरक आकारमानाच्या फरकाहून मोठा असतो. सारांश, जी संख्या हवी ती इतर अधिक मोठ्या संख्यांच्या अनिश्चिततेत बुडून जाते. एकाच मूलद्रव्याच्या दोन समस्थानिकांच्या वर्णरेषांतील अंतरावरून त्यांच्या त्रिज्यांतील फरकाचा अंदाज करता येतो हे खरे. परंतु त्यामुळे मूळ त्रिज्या किती हे कळत नाही.

३. म्यूऑनाची पात्रता

अँडरसन व नेडरमायर ह्यांना १९३७ च्या सुमारास विश्वकिरणांत इलेक्ट्रॉनाहून जड व प्रोटॉनाहून हलका असा एक कण आढळला. युकावा ह्यांनी अणुकेंद्रीय बलाचा वाहक म्हणून जो कण कल्पिला होता तोच हा, असे प्रथम वाटले. तसे असते तर तो आमच्या प्रस्तुत कामास निरुपयोगी ठरला असता. कारण द्रव्यात थांबताच केंद्राने त्यास गिळून टाकले असते. परंतु रोम येथे कोन्व्हेर्सी, पान्चिनी व पिच्चिओनी ह्यांनी प्रयोग करून १९४७ मध्ये असे दाखविले, की कार्बनात थांबलेले ऋणभारित मेसॉन गिळले न जाता बहुधा आपल्या नैसर्गिक मृत्यूनेच संपतात. फर्मी, टेलर व वाइसकॉफ ह्यांनी लगेच हिशेब करून सांगितले, की युकावा कणाकडून अपेक्षित असलेल्या वेगाशी ह्या वर्तनाचा मेळ बसावयास सुमारे १०¹२ पटींचे अंतर पडते. म्हणजे हा कण अणुकेंद्रीय बलास जवळजवळ ओळखीतच नाही. त्यास आज आपण म्यूऑन म्हणतो. तो सर्व बाबतींत इलेक्ट्रॉनासारखा आहे. मात्र त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनाच्या २०७ पट आहे व त्याचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद आहे.

ऋणभारित म्यूऑन द्रव्यात मंदावत जाऊन एखाद्या अणूच्या आकर्षणात सापडतो. त्याच्यासाठी कोणतीही कक्षा आधीपासून भरलेली नसते, कारण अपवर्जन नियम एकाच जातीच्या कणांना लागू होतो. तो पायऱ्या उतरत खाली येतो. आरंभी तो अणूतील इलेक्ट्रॉनांना बाहेर ढकलून ऊर्जा गमावितो. खालच्या पायऱ्यांवर ती ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडते. चौदाव्या पातळीच्या आसपास असतानाच त्याची कक्षा सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनाच्या कक्षेएवढी झालेली असते. त्यानंतरचा सर्व प्रवास इलेक्ट्रॉनांच्या आत, केंद्र आणि म्यूऑन ह्या दोघांच्याच एकांतात होतो. इलेक्ट्रॉनी अणूत छळणारा इतर ८१ इलेक्ट्रॉनांचा प्रश्न येथे जवळजवळ उरतच नाही. हा संपूर्ण उतार म्यूऑनाच्या आयुष्याच्या मानाने इतक्या अल्प काळात पुरा होतो, की तो मरण्यापूर्वी तळाशी पोचतोच.

आता वस्तुमानाचा परिणाम पाहू. कक्षा २०७ पटींनी आकसते. केंद्राच्या आत असण्याचा अंश गुणोत्तराच्या घनाप्रमाणे, म्हणजे सुमारे ८८ लाख पटींनी वाढतो. पातळ्यांची मूळ ऊर्जाही २०७ पटींनी वाढत असल्यामुळे आकारमानाच्या परिणामाचे एकूण ऊर्जेशी असलेले प्रमाण २०७ च्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ ४३,००० पटींनी वाढते. म्यूऑनाच्या श्रेष्ठत्वाचे सर्व रहस्य ह्या एका ओळीत आहे. मात्र हा हिशेब केंद्र कक्षेच्या मानाने लहान असेल तोवरच खरा. अ‍ॅल्युमिनियमसारख्या हलक्या मूलद्रव्यात तो लागू पडतो. तेथे आकारमानामुळे मुख्य रेषेची ऊर्जा केवळ दोनतीन टक्क्यांनी घटते.

शिशात मात्र परिस्थिती पालटते. बिंदुवत् केंद्र धरून काढलेली म्यूऑनाची कक्षा ६४५ भागिले २०७, म्हणजे ३.१ फर्मी येते. परंतु केंद्राचीच त्रिज्या सात फर्मी आहे! म्हणजे म्यूऑनाची कक्षा केंद्राच्या पोटात असावयास हवी. अर्थात् असे झाले, की मूळ गृहीतच कोसळते आणि नवा हिशेब मांडावा लागतो. केंद्र बिंदुवत् असते तर सर्वांत खालच्या पातळीची बंधनऊर्जा सुमारे २१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट झाली असती. (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ह्या एककास पुढे ‘एमईव्ही’ म्हटले आहे.) प्रत्यक्षात ती सुमारे साडेदहा एमईव्ही, म्हणजे निम्मीच भरते. तिच्या वरची दुसरी पातळी, जीत म्यूऑनास कोणीय संवेग असल्यामुळे तो मध्यापासून दूर राहतो, ती मात्र पाच एमईव्हीच्या आसपासच राहून थोडीच सैल होते. ह्या दोन पातळ्यांमधील संक्रमणाने मिळणारा क्ष-किरण बिंदुवत् केंद्रापासून सुमारे १६ एमईव्ही ऊर्जेचा निघाला असता. खऱ्या केंद्रापासून तो सुमारे सहा एमईव्हीचा निघतो. ज्या परिणामाचा इलेक्ट्रॉनी अणूत हजारात एक भागही मागमूस लागत नाही, तो येथे अपेक्षित ऊर्जेचा अर्ध्याहून अधिक भाग खाऊन टाकतो.

४. नेव्हिस येथील प्रयोग

जड केंद्रांच्या बाबतीत तळाची पातळी आकारमानास इतकी संवेदनाशील असते, हे प्रिन्स्टनचे जॉन व्हीलर ह्यांनी सविस्तर मांडले होते. त्या वेळी नील्स बोर ह्यांचे पुत्र ओगे बोर हे कोलंबिया येथे रेनवॉटर ह्यांच्याच खोलीत बसत असत. व्हीलर ह्यांच्या निबंधाची एक प्रत रेनवॉटर ह्यांनी फिच ह्यांच्या हाती दिली, आणि प्रबंधाचा विषय ठरला.

ह्याच सुमारास प्रयोगास लागणारी साधनेही एकत्र जुळून आली. कोलंबिया विद्यापीठाचा नेव्हिस येथील सायक्लोट्रॉन नुकताच चालू झाला होता. त्यातून मिळणाऱ्या पायॉनांच्या झोतात, वाटेत पायॉन मोडून निर्माण झालेले म्यूऑनही मिसळलेले असत. झोताच्या मार्गात योग्य जाडीचा शोषक ठेवला म्हणजे जड असलेले पायॉन त्यात थांबतात आणि अधिक पल्ल्याचे म्यूऑन पार होऊन पुढच्या लक्ष्यात थांबतात. ह्या पल्ल्याच्या फरकानेच दोघांची विभागणी केली जाई. क्ष-किरणांची ऊर्जा मोजण्यासाठी थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडचा स्फटिक वापरला. गॅमा किरण आत शिरला की हा स्फटिक ऊर्जेच्या प्रमाणात प्रकाशाची चमक देतो, हे रॉबर्ट हॉफस्टॅटर ह्यांनी थोडक्याच काळापूर्वी दाखविले होते. ती चमक प्रकाशगुणक नलिकेत विद्युत्-स्पंदात रूपांतरित होते, आणि स्पंदाच्या उंचीवरून ऊर्जा समजते. स्पंदांची त्यांच्या उंचीप्रमाणे निरनिराळ्या खणांत वाटणी करणारे बहुमार्गी विश्लेषक यंत्र फिच ह्यांनी एका तंत्रज्ञाच्या मदतीने स्वतः बांधले. महायुद्धकाळात लॉस अ‍ॅलामॉस येथे मिळालेला अनुभव त्यांना येथे उपयोगी पडला.

ह्या प्रयोगात फसगत होण्यास दोन जागा आहेत. पहिली म्हणजे सायक्लोट्रॉनच्या परिसरातील न्यूट्रॉन व गॅमा किरणांचा गोंगाट. एखादा कण लक्ष्याच्या अलीकडील गणित्रांतून गेला परंतु पलीकडील गणित्रात पोचला नाही, म्हणजे तो लक्ष्यातच थांबला असे समजावयाचे, आणि त्याच क्षणी स्फटिकात उमटलेला स्पंद तेवढा नोंदावयाचा, हा त्यावरील उपाय होय. दुसरी जागा अधिक सूक्ष्म आहे. सहा एमईव्हीचा किरण स्फटिकात बहुधा इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन ह्यांची जोडी निर्माण करतो. पॉझिट्रॉन विझताना प्रत्येकी ०.५१ एमईव्हीचे दोन किरण निघतात, आणि स्फटिक लहान असेल तर ते निसटून जातात. अशा वेळी स्पंदाची उंची खऱ्या ऊर्जेपेक्षा १.०२ एमईव्हीने कमी दिसते. हे ध्यानात न घेता शिखर वाचणारा त्रिज्येविषयी चूक अनुमान करील. शिखर म्यूऑनी अणूचेच आहे की अन्य कशाचे, ह्याची कसोटी सोपी आहे: लक्ष्याचे मूलद्रव्य बदलले की शिखराची जागा अपेक्षित रीतीने बदलली पाहिजे. म्हणूनच त्यांनी अ‍ॅल्युमिनियमपासून बिस्मथपर्यंत अनेक मूलद्रव्ये तपासली.

५. हुकता हुकता सापडलेले शिखर

ह्यानंतरची हकीकत फिच ह्यांनी स्वतःच नमूद करून ठेवली आहे. त्रिज्येचा गुणक १.४ धरून व्हीलर ह्यांनी शिशाच्या मुख्य रेषेची ऊर्जा सुमारे ४.५ एमईव्ही काढली होती. साहजिकच उपकरण त्या ऊर्जेच्या आसपासचा प्रदेश पाहण्यासाठी लावण्यात आले. काही दिवस मोजणी झाली, शिखर दिसेना. ह्या ठिकाणी असा निष्कर्ष काढणे सोपे होते, की क्ष-किरण अपेक्षेइतके निघत नाहीत, अथवा गोंगाटात ते लोपले आहेत. परंतु रेनवॉटर ह्यांनी पाहावयाचा पल्ला रुंद करण्याची सूचना केली, आणि शिखर समोर आले, ते ४.५ वर नसून सहावर होते.

उपकरणात दोष नव्हता, व्हीलर ह्यांच्या सिद्धांतातही दोष नव्हता. दोष होता तो सिद्धांतात घातलेल्या जुन्या त्रिज्येत. प्रयोगाने जी संख्या मोजावयाची होती, तिचीच जुनी किंमत गृहीत धरून शोधाचे क्षेत्र आखले गेले होते, आणि म्हणून उत्तर त्या क्षेत्राबाहेर राहिले होते.

शिशाची रेषा ६.०२ एमईव्हीवर निश्चित झाली. ऊर्जा वाढली ह्याचा अर्थ म्यूऑन अपेक्षेहून घट्ट बांधला गेला, म्हणजे भार अपेक्षेहून लहान गोलात सामावलेला आहे. भार सर्वत्र सारखा पसरलेला गोल कल्पून हिशेब केला असता गुणक १.४ ऐवजी १.१७ फर्मी आला, आणि शिशाच्या केंद्राची त्रिज्या ८.३ ऐवजी ६.९ फर्मी ठरली. त्रिज्येतील हा फरक सहाव्या हिश्श्याचा दिसतो. परंतु घनफळात पाहिले तर नवे केंद्र जुन्याच्या जेमतेम ५८ टक्के भरते, म्हणजेच केंद्रद्रव्याची घनता समजली जात होती त्याच्या सुमारे १.७ पट आहे. ह्याच खंडात कूपर व हेन्ली ह्यांनीही म्यूऑनी अणूंवरून विद्युत्भाराच्या त्रिज्येचा सैद्धांतिक विचार मांडला.

एकाच प्रकारच्या प्रयोगावर विसंबून एवढा बदल मान्य व्हावा, असे कोणी म्हटले नसते. पण लवकरच हॉफस्टॅटर ह्यांनी स्टॅनफर्ड येथे अतिवेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करून अणुकेंद्रे तपासली, आणि तेथूनही लहान त्रिज्याच निघाली. ज्यांच्या स्फटिकाने फिच ह्यांचे काम शक्य केले, त्यांनीच दुसऱ्या मार्गाने त्याची साक्ष दिली. येथे हे ध्यानात ठेवावे, की अणूतील संथ इलेक्ट्रॉन जे करू शकत नाही ते त्वरित इलेक्ट्रॉन करू शकतो, कारण त्याची तरंगलांबी केंद्राएवढी लहान करता येते. म्यूऑनास ही सूक्ष्मता त्याच्या वस्तुमानामुळे आपोआपच प्राप्त होते.

६. ह्या पद्धतीच्या मर्यादा

एका रेषेपासून एकच संख्या मिळते. १.१७ हा गुणक ‘भार सर्वत्र सारखा आहे व कडा तीक्ष्ण आहे’ ह्या कल्पनेवर उभा होता. प्रत्यक्षात केंद्राची कडा धूसर असते. भार पृष्ठभागाजवळ हळूहळू विरळ होत जातो. मुख्य रेषेवरून भाराच्या पसाऱ्याची एक सरासरीच कळते, त्याचा आकार कळत नाही. आकारासाठी इलेक्ट्रॉनांच्या विकिरणाकडेच जावे लागते. उलट सरासरीच्या अचूकतेत म्यूऑन सरस ठरतो. म्हणून पुढे दोन्ही मार्गांची मापने एकत्र करण्याची पद्धत पडली. त्यांनुसार शिशाच्या २०८ कणसंख्येच्या केंद्राची वर्गमध्यमूळ त्रिज्या ५.५० फर्मी आहे. हिला सारख्या भाराच्या गोलाच्या भाषेत मांडले तर ७.१ फर्मी त्रिज्या व १.२० हा गुणक मिळतो. फिच व रेनवॉटर ह्यांची संख्या ह्यापासून दोनतीन टक्क्यांनीच दूर होती.

दुसरी मर्यादा निर्वाताविषयी आहे. पुंज विद्युत्-गतिकीनुसार निर्वात हा अगदी रिता नसतो. प्रखर विद्युत्-क्षेत्रात क्षणिक इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्यांमुळे त्याचे ध्रुवीभवन होते आणि फार जवळून पाहणाऱ्यास केंद्राचा भार किंचित अधिक भासतो. हा परिणाम सुमारे ३८६ फर्मी अंतराच्या आत जाणवू लागतो. म्यूऑन तर त्याच्याही कितीतरी आत वावरतो. त्यामुळे शिशाच्या रेषेची ऊर्जा ह्या कारणाने सुमारे अर्ध्या टक्क्याने वाढते. ही वाढ वजा न करता त्रिज्या काढली तर केंद्र खऱ्याहून लहान दिसेल. सुदैवाने तिचे गणित अचूक करता येते. शेवटी उरते ते स्वतः केंद्राचे विरूपण: म्यूऑन जवळ आला की केंद्रातील प्रोटॉन किंचित हलतात व पातळी काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांनी खाली येते. ह्याचे गणित केंद्राच्या अंतर्रचनेवर अवलंबून असल्यामुळे ते तितके खात्रीचे नसते, आणि जड केंद्रांच्या बाबतीत अंतिम अचूकतेची सीमा बव्हंशी ह्यामुळेच ठरते.

सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाची विभेदनशक्ती मर्यादित होती. सन १९६० नंतरच्या दशकात जर्मेनियमचे शोधक आले, तेव्हा शिशाचे एकच जाड शिखर ५.७८ व ५.९६ एमईव्ही अशा दोन स्पष्ट रेषांत विभागले गेले. वरच्या पातळीत म्यूऑनाचे परिवलन त्याच्या कक्षीय गतीशी ज्या दोन प्रकारे जुळू शकते, त्यांच्या ह्या दोन रेषा होत.

७. प्रोटॉनाचे उदाहरण

हीच युक्ती सर्वांत लहान केंद्रास, म्हणजे एकट्या प्रोटॉनास लावणे फार काळ शक्य झाले नव्हते. म्यूऑनी हायड्रोजनची कक्षा सुमारे २८५ फर्मी आहे व प्रोटॉनाची त्रिज्या एका फर्मीहूनही कमी. तेव्हा परिणाम अल्प असणार. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत एका गटाने त्यासाठी निराळी रीत योजिली. दुसऱ्या पातळीच्या ज्या उपपातळीत म्यूऑन काही काळ अडकून राहतो, तेथे त्यास सहा मायक्रोमीटर तरंगलांबीच्या लेसर किरणाने धक्का द्यावयाचा. लेसरची वारंवारता नेमकी जुळली तर म्यूऑन शेजारच्या उपपातळीत जाऊन तत्काळ तळाशी उतरतो व १,९०० इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा क्ष-किरण सोडतो. लेसरच्या वारंवारतेनुसार हे क्ष-किरण मोजत गेले की जुळणीची जागा सापडते, आणि तीवरून त्रिज्या निघते.

आरंभीच्या प्रयत्नांत ही जागा सापडली नाही. शोध चालू होता तो त्या वेळच्या मान्य ०.८७७ फर्मी ह्या त्रिज्येने सांगितलेल्या प्रदेशात. शोधाचे क्षेत्र वाढविल्यावर २००९ मध्ये रेषा मिळाली व २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: त्रिज्या ०.८४२ फर्मी, म्हणजे मान्य संख्येहून चार टक्क्यांनी कमी. मान्य संख्या इलेक्ट्रॉनी हायड्रोजनचा वर्णपट व इलेक्ट्रॉनांचे विकिरण ह्यांवरून आलेली होती; म्हणून बरीच वर्षे हा विसंवाद वादाचा विषय झाला. पुढे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मापनांत, एका इलेक्ट्रॉनी हायड्रोजनच्या व एका इलेक्ट्रॉन-विकिरणाच्या, त्रिज्या म्यूऑनी संख्येच्या जवळ आली, आणि मूलभूत स्थिरांकांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही २०१८ च्या आवृत्तीपासून ०.८४१ फर्मीच्या आसपासची संख्या स्वीकारली गेली.

शिशाच्या व प्रोटॉनाच्या ह्या दोन घटनांमध्ये जवळजवळ साठ वर्षांचे अंतर आहे. दोन्ही वेळा केंद्र समजुतीपेक्षा लहान निघाले, आणि दोन्ही वेळा रेषा प्रथम दिसली नाही, कारण ती कोठे पाहावयाची हे जुन्या त्रिज्येनेच ठरविले होते. आकारमानाचा परिणाम २०७ च्या वर्गाने वाढतो ह्याची ही दुसरी बाजू होय: ज्या संवेदनाशीलतेमुळे म्यूऑनी रेषा त्रिज्या अचूक सांगते, तिच्यामुळेच त्रिज्येतील थोडीशी चूकही त्या रेषेस उपकरणाच्या दृष्टिक्षेत्राबाहेर नेऊन ठेवते.